कसतोय म्हणून जमीन आपली होते का? बेळगाव भागात बारा वर्षांचा हिशेब कसा करावा

खानापूर, बेळगाव, हुक्केरी, निपाणी, कुठल्याही भागात जा, गावात एक तरी शेत असे असते की उताऱ्यावर नाव एकाचे आणि नांगर दुसऱ्याचा. मालक कधीकाळी मुंबईच्या गिरणीत गेला, पोरे तिकडेच वाढली आणि शेत शेजाऱ्याच्या किंवा भाऊबंदाच्या हाती राहिले. मग एक दिवस पोरे जमीन विकायला येतात आणि कसणारा म्हणतो, "तीस वर्षे आम्हीच कसतोय, आता जमीन आमची." पारावर हे वाक्य फार वजनदार वाटते. कोर्टात मात्र त्याला जवळजवळ काहीच किंमत नसते, कारण कोर्ट "किती वर्षे कसताय" एवढ्यावर थांबत नाही. "मालकाचा हक्क नाकारून कधीपासून कसताय" हे ते विचारते.

या लेखात खासगी शेतजमिनीचाच हिशेब सविस्तर मांडतो. सरकारी जमिनीबद्दल शेवटी थोडेसे.

बारा वर्षे कशाची

१९६३ च्या मुदत कायद्यात, म्हणजे लिमिटेशन अ‍ॅक्टमध्ये, शेवटी मुदतींचा तक्ता आहे आणि त्यात अनुच्छेद ६५ आहे. मालकी हक्काच्या आधारे जमिनीचा ताबा परत मागायचा असेल तर मालकाने १२ वर्षांत दावा लावला पाहिजे, आणि ही १२ वर्षे समोरच्याचा कब्जा मालकाच्या विरुद्ध झाला त्या दिवसापासून मोजायची. याच कायद्याचे कलम २७ सांगते की मुदत संपली की मालकाचा त्या जमिनीवरचा हक्कच संपतो. दावा लावण्याचा अधिकार जातो आणि त्याच्याबरोबर मालकीही जाते. कसणाऱ्याला जे मिळते ते या दोन तरतुदींच्या जोडीतून मिळते.

पूर्वी एक अडचण होती. कसणाऱ्याने हा मुद्दा फक्त बचावात घ्यायचा, म्हणजे मालकाने दावा लावला तरच बोलायचे, स्वतः कोर्टात जाऊन "मला मालक ठरवा" म्हणायचे नाही, असे २०१३ च्या एका निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटले होते. ऑगस्ट २०१९ मध्ये रविंदर कौर ग्रेवाल प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ते बदलले. आता १२ वर्षे पुरी झालेला कसणारा स्वतः वादी होऊन दावा लावू शकतो. जुना सल्ला ऐकून कोणी थांबले असेल तर त्याने हे लक्षात घ्यावे.

पहिली पायरी: तुम्ही शेतात कसे शिरलात ते खरे खरे लिहा

वकिलाकडे जाण्याआधी एका वहीत ही गोष्ट लिहून काढा. सगळा दावा इथेच तरतो किंवा बुडतो.

मालकाने "जरा बघा शेताकडे" म्हणून दिले असेल, वाट्याने दिले असेल, गहाण ठेवले असेल किंवा खरेदी ठरवून विसार घेऊन ताबा दिला असेल, तर तो कब्जा परवानगीचा आहे. परवानगीचा कब्जा पन्नास वर्षे चालला तरी त्यातून मालकी तयार होत नाही. विसारपावतीवर ताबा घेतलेल्यांचा इथे हमखास गैरसमज असतो. ते म्हणतात, पैसे दिलेत, ताबा आमचा, वर्षे झाली वीस. पण मालक पुढे खरेदीखत करून देईल या भरवशावर तुम्ही आत शिरलात, म्हणजे त्याची मालकी तुम्ही मान्यच केली होती.

कुळाचेही तसेच. १ मार्च १९७४ रोजी कर्नाटकात कुळांच्या जमिनी सरकारकडे निहित झाल्या आणि ज्यांनी वेळेत फॉर्म नंबर ७ भरला त्यांचे हक्क लँड ट्रिब्युनलने ठरवले. ज्यांचा फॉर्म फेटाळला गेला, किंवा ज्यांनी भरलाच नाही, त्यांच्यापैकी कित्येक जण आता वहिवाटीचा, म्हणजे याच विरुद्ध कब्जाचा, मार्ग धरू बघतात. तुमच्या आजोबांनी त्या फॉर्मवर "मी अमुक यांचे कूळ" असे लिहून दिले असेल, तर मालक कोण हे त्यांनीच सांगून ठेवले आहे. तो कागद समोरचा वकील पहिल्याच उलटतपासणीत काढतो. त्यानंतरच्या कोणत्या तारखेला तुम्ही मालकी झिडकारली ते दाखवता आले तरच पुढचा हिशेब सुरू होतो.

भाऊबंदकीत तर अधिकच कठीण. सामाईक जमिनीत एका भावाचा कब्जा हा कायद्याच्या नजरेत सगळ्या भावांचा कब्जा असतो, आणि बहिणींचे हिस्से असतील तर त्यांचाही. धाकटा पुण्याला, थोरला गावात, सगळे पीक थोरला घेतो, एवढ्यावर थोरल्याचा विरुद्ध कब्जा होत नाही. धाकट्याला हिस्सा उघडपणे नाकारून बाहेर ठेवले आणि ते त्याला कळले, हे सिद्ध करावे लागते. वारसा डायरी, म्हणजे उताऱ्यावरची वारस नोंद, एकट्याच्या नावे करून घेणे पुरेसे ठरतेच असे नाही.

बांध सरकवून दोन-तीन गुंठे आत आलेल्या प्रकरणात आणखी एक पेच असतो. "हे आमचेच आहे असे आम्ही समजत होतो" म्हटले की दुसऱ्याचा हक्क नाकारण्याचा इरादा नव्हता असे तुम्हीच सांगितल्यासारखे होते.

दुसरी पायरी: घड्याळ सुरू झाले ती तारीख शोधा

आता एक प्रकरण आकड्यांसकट बघू. कल्पित आहे, पण असली प्रकरणे या भागात भरपूर.

खानापूर तालुक्यात भाताचे शेत, १ एकर २० गुंठे. १९९४ साली मालक बायको-मुलाला घेऊन कायमचे मुंबईला गेले आणि शेजाऱ्याला म्हणाले, तुम्ही करा, वर्षाला दोन पोती भात पाठवा. शेजारी २००३ पर्यंत पोती पाठवत राहिला. त्या वर्षी मालक वारले आणि पोती बंद झाली. २००५ च्या मे महिन्यात मुलगा गावी आला, वाटा मागितला. शेजारी देवळापुढे चार लोकांत म्हणाला, "वाटा कसला? जमीन आमची." मुलाने जून २००६ मध्ये वकिलाकरवी नोटीस धाडली. शेजाऱ्याने १४ जुलै २००६ रोजी रजिस्टर पोस्टाने उत्तर दिले की तुमचा या जमिनीशी काही संबंध नाही. २००९ मध्ये त्याने विहीर पाडली, पुढच्या वर्षी हेस्कॉमचे मीटर घेतले, भोवती तारेचे कुंपण केले.

शेजारी काय म्हणतो? १९९४ पासून. म्हणजे २००६ लाच बारा वर्षे पुरी. हे साफ चुकीचे आहे. १९९४ ते २००३ हा काळ पोती पाठवण्याचा, परवानगीचा. तो पूर्ण वजा.

मग २००३ धरायचे का? पोती बंद होणे म्हणजे हक्क नाकारणे नव्हे. मालक वारले, मागायला कोणी आले नाही, म्हणून पोती थांबली. तो नुसता थकलेला वाटा आहे.

मे २००५ चे बोलणे खरोखर विरुद्ध आहे, उघड आहे, मालकाच्या मुलाच्या तोंडावर आहे. कायद्याने घड्याळ इथून चालू होऊ शकते. पण ते सिद्ध करायला देवळापुढचे चार लोक लागतात, आणि वीस वर्षांनी त्यातले दोन वारलेले असतात, एक मुलाचा नातेवाईक निघतो आणि चौथ्याला साल आठवत नाही. १४ जुलै २००६ चे उत्तर मात्र कागदावर आहे, पोस्टाची पोच आहे, आणि ते खुद्द समोरच्याच्या फाईलमध्ये पडलेले आहे. मी असतो तर दाव्यात मुख्य तारीख हीच धरली असती आणि २००५ ची हकीकत तिच्या आधाराला ठेवली असती. चौदा महिन्यांच्या लोभापायी डळमळीत तारीख धरू नये.

तर १४ जुलै २००६ अधिक १२ वर्षे, म्हणजे जुलै २०१८. मुलाने २०१७ साली ताब्याचा दावा लावला असता तर शेजाऱ्याचा हा बचाव उभाच राहिला नसता. २०१९ साली लावला, तर मुदत संपून गेली आहे. मधल्या काळात मुलाने जमीन तिसऱ्याला विकली तरी घड्याळ नव्याने सुरू होत नाही. घेणारा त्याच्याच जागी उभा राहतो आणि उरलेली वर्षेच त्याच्या वाट्याला येतात.

शेजारी २०१२ साली वारला आणि त्याचा मुलगा कसू लागला, तरी बापाची वर्षे मुलाच्या वर्षांना जोडता येतात, कारण कब्जा वारशाने आला. एक अतिक्रमण करणारा निघून गेला आणि दुसराच कोणी त्याच्याशी संबंध नसताना शिरला, तर अशी जोड मिळत नाही.

तिसरी पायरी: घड्याळ मध्येच मोडले का ते तपासा

याच प्रकरणात समजा २०१२ च्या गणपतीत मुलगा गावी आला, पंचांनी समजूत घातली, आणि शेजाऱ्याने एका कागदावर सही केली की "जमीन तुमची, पुढील सुगीपासून वाटा देतो." संपले. २००६ ते २०१२ ची सहा वर्षे गेली, पुन्हा परवानगीचा कब्जा सुरू झाला. दोन पोती भात पोचवल्याची चिठ्ठीसुद्धा इथे महागात पडते. पंच मंडळी भांडण मिटवायच्या हेतूने असे कागद करतात. कसणाऱ्याने आपल्या घरात असा कागद झाला होता का, हे म्हाताऱ्या माणसांना विचारूनच दाव्याला हात घालावा.

उलट मालकाच्या बाजूचा मोठा गैरसमज असा की नोटीस पाठवली, तलाठ्याकडे तक्रार दिली, उताऱ्यावरच्या नावाला हरकत घेतली, की मुदत थांबते. थांबत नाही. मालकाने २०१५ मध्ये दुसरी नोटीस धाडली असती तरी जुलै २०१८ ही तारीख हलली नसती. घड्याळ थांबवायला ताब्याचा दावा कोर्टात दाखल व्हावा लागतो, किंवा जमीन प्रत्यक्ष परत ताब्यात यावी लागते, किंवा कसणाऱ्याने मालकी कबूल करावी लागते. वर्षाला एक नोटीस पाठवून निश्चिंत बसलेले मालक मी पाहिले आहेत. त्या नोटिशांनी एवढेच सिद्ध होते की कब्जा विरुद्ध आहे हे मालकाला ठाऊक होते!

वारस अज्ञान असेल तर हिशेब बदलतो. समजा जुलै २००६ मध्ये एकमेव वारस चार वर्षांचा होता. तो २०२० मध्ये सज्ञान होतो आणि कायदा त्याला त्यानंतर तीन वर्षे देतो, म्हणजे २०२३. २०१८ आणि २०२३ यांत जी उशिराची ती खरी. मात्र ही सवलत घड्याळ सुरू होताना वारस अज्ञान असेल तरच. एकदा सज्ञान मालकाविरुद्ध वेळ सुरू झाली आणि मग तो लहान मूल मागे ठेवून वारला, तर ती थांबत नाही.

चौथी पायरी: वर्षावर्षाचा पुरावा लावा

जुलै २००६ ते जुलै २०१८ मधल्या प्रत्येक वर्षासाठी किमान एक कागद असावा. एखाद-दुसरे वर्ष सुटले तर साक्षीदारांनी भरून काढता येते, पण सलग चार वर्षांची पोकळी असेल तर "मध्ये शेत पडीक होते" असे समोरचा म्हणणारच.

सुरुवात आरटीसी उताऱ्यापासून करा. नाडकचेरीतून किंवा landrecords.karnataka.gov.in वरून वर्षवार उतारे काढा, जुने हाताने लिहिलेले असतील तर तहसीलदार कचेरीतून नक्कल घ्या. उतारा कन्नडमध्ये असतो, तेव्हा कोणता रकाना कशाचा हे पाठ असू द्या. नववा रकाना खातेदाराचा, अकरावा बोजा आणि इतर हक्कांचा, बारावा कसणाऱ्याचा आणि पिकाचा. बाराव्या रकान्यात तुमचे नाव असेल तर कर्नाटक जमीन महसूल कायदा, १९६४ च्या कलम १३३ प्रमाणे ती नोंद खरी मानून चालतात, समोरच्याने खोटी ठरवेपर्यंत. पण ही नोंद कब्जा सांगते, इरादा सांगत नाही. वाटेकऱ्याचेही नाव तिथे असू शकते. आणि बाराव्यात तुमचे नाव, नवव्यात मालकाचे, तरी तुम्ही वर्षानुवर्षे गप्प, असे चित्र असेल तर नुसत्या उताऱ्यावर विसंबू नका.

इरादा आणि उघडपणा दाखवणारे कागद वेगळे असतात. आपल्या प्रकरणात विहिरीचा खर्च, हेस्कॉमची बिले, कुंपणाच्या पावत्या हे खरे बळ, कारण दुसऱ्याच्या शेताची राखण करणारा माणूस स्वतःच्या पैशाने विहीर पाडत नाही. ऊसपट्ट्यात असाल तर कारखान्याच्या पावत्यांवर तुमचे नाव आणि सर्वे नंबर दोन्ही आहेत का बघा. पीकेपीएस सोसायटीचे पीककर्ज घेताना कोणत्या रि. स. नंबरवर घेतले तेही तपासा. इथे एक सावधगिरी. कर्जाच्या किंवा नुकसानभरपाईच्या अर्जात "मालकाच्या संमतीने" असा छापील मजकूर असतो आणि आपण न वाचता सही करतो. तो कागद तुमच्याच विरुद्ध जाईल.

जमीन नेमकी कोणती, हेही ठरलेले हवे. पूर्ण सर्वे नंबर असेल तर प्रश्न नाही. नंबराचा काही भाग असेल तर सर्वे खात्याकडे अर्ज करून मोजणी करून घ्या, चतुःसीमा आणि नकाशा दाव्याला जोडा. "अंदाजे दीड एकर" यावर हुकूमनामा मिळत नाही, मिळाला तरी त्याची नोंद करताना सर्वेअर अडवतो.

पाचवी पायरी: दावा कसा मांडावा

सुप्रीम कोर्टाने २००४ साली कर्नाटक वक्फ बोर्डाच्या प्रकरणात, ते विजापूरच्या मिळकतींचेच होते, अशा दाव्यात पाच गोष्टी स्पष्ट सांगाव्या लागतात असे म्हटले: कब्जा कोणत्या तारखेला आला, तो कोणत्या स्वरूपाचा होता, मालकाला तो ठाऊक होता का, किती काळ चालला, आणि तो उघड व विनाअडथळा होता का. वादपत्राचे परिच्छेद याच क्रमाने पाडायला वकिलांना सांगा. "वडिलोपार्जित काळापासून, अनेक वर्षे" असली भाषा पहिल्याच पानावर दिसली तर ती खोडायला लावा. कोर्ट तारीख मागते.

दुसरी गोष्ट त्याहून जास्त दावे बुडवते. माणसाला वाटते, दोन बाण मारू, एक लागेल. म्हणून लिहितात: ही जमीन आमच्या आजोबांनी तोंडी खरेदी घेतली होती, आणि ते मान्य नसेल तर वहिवाटीने आमची झाली. विरुद्ध कब्जा म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवरचा कब्जा. मालक तो होता, हे कबूल केल्याशिवाय त्याच्या विरुद्ध कब्जा कसा होणार? २०२० मध्ये नरसम्मा प्रकरणात, जे बंगळूरचे होते, सुप्रीम कोर्टाच्या तीन न्यायमूर्तींनी हीच विसंगती दाखवून बचाव नाकारला. खरेदीचा कागद हाताशी असेल तर त्यावर लढा. नसेल तर मालक कोण होता हे सरळ लिहा आणि मग त्याला कधी नाकारले ते लिहा.

दावा तालुक्याच्या दिवाणी कोर्टात लागतो. मागण्या दोन: मालकी जाहीर करावी आणि कब्जाला हरकत करू नये असा कायमचा मनाई हुकूम द्यावा. जमीन कोणाची हे तहसीलदार ठरवू शकत नाही, तेव्हा "आधी उताऱ्यावर नाव चढवून घेऊ, मग बघू" या नादात वर्षे घालवू नका.

साक्ष देताना एक इथली गोष्ट. आपण बोलतो मराठीत आणि नोंद होते कन्नड किंवा इंग्रजीत. सही करण्याआधी ती मराठीत समजावून घ्या. "आम्ही वाट्याने करत होतो, नंतर वाटा बंद केला" या वाक्याचा पहिला अर्धाच नोंदला गेला तर अपिलात तो दुरुस्त होत नाही. निकालाविरुद्ध पुढे वरच्या कोर्टात अपील आणि दुसरे अपील उच्च न्यायालयाच्या धारवाड पीठापुढे चालते. तिथे पुरावा नव्याने घेत बसत नाहीत, खाली जे नोंदले त्यावरच बोलणे होते.

दाव्याआधीच मालकाची माणसे ट्रॅक्टर घेऊन शेतात उतरली तर? बारा वर्षे पुरी झालेली नसली तरी स्थिर कब्जा असलेल्याला जबरदस्तीने हुसकता येत नाही, मालकालाही नाही. रामे गौडा प्रकरणात, हेही कर्नाटकातलेच, २००३ साली सुप्रीम कोर्टाने ते स्पष्ट केले. तुम्हाला हुसकलेच, तर स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्टच्या कलम ६ खाली सहा महिन्यांत दावा लावा. त्या दाव्यात मालक कोण हे कोर्ट बघत नाही, बेकायदा हुसकले का एवढेच बघते. सहा महिने गेले की हा सोपा रस्ता बंद.

सरकारी जमीन

गायरान, रस्त्याकडेची पट्टी, तलावाचे पोट, यांना १२ वर्षांचा हिशेब लागत नाही. सरकारने लावायच्या दाव्याची मुदत ३० वर्षे आहे, आणि सार्वजनिक वापराच्या जागेवर असा हक्क तयार होऊ नये असे सुप्रीम कोर्टाने २०१९ च्या त्याच निकालात म्हटले. बगैर हुकूम, म्हणजे परवानगीशिवाय सरकारी जमीन, कसणाऱ्यांसाठी फॉर्म ५०, ५३ आणि ५७ असे अर्ज वेळोवेळी घेतले गेले. तो जमीन कायम करून मागण्याचा रस्ता आहे. त्या अर्जात तुम्ही सरकारला मालक मानून मागणी करता, तेव्हा एकीकडे फॉर्म ५७ आणि दुसरीकडे वहिवाटीचा दावा, असे दोन्ही हातांनी खेळू नका. वनखात्याच्या जमिनीचे कायदे आणखी वेगळे, तिथे वरचा काहीही हिशेब लावू नका.

खासगी जमिनीच्या दाव्यात हुकूमनामा हाती आला की त्याची सही-शिक्क्याची नक्कल घेऊन डायरीसाठी अर्ज द्या. अपिलाची मुदत उलटली आहे का आणि स्थगिती नाही ना, हे तलाठी विचारेल, त्याचा दाखला सोबत ठेवा. नवव्या रकान्यात नाव चढल्याचा उतारा हातात येईपर्यंत हेस्कॉमची बिले आणि जुन्या पावत्या फेकू नका, कारण दुसऱ्या अपिलाची नोटीस बऱ्याचदा त्याच सुमारास येते.